‘औदुंबर’चा व्हिडिओ: ओळी कधी दाखवाव्यात, मागे काय असावं, आधी किती बोलावं

नमस्कार सर. मी पलूस तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. बालकवींच्या ‘औदुंबर’चा व्हिडिओ केलाय. आधी माझं प्रास्ताविक, मग नववीतल्या एका मुलीचा आवाज, मागे औदुंबरच्या घाटाचं आणि कृष्णेचं ड्रोनमधून घेतलेलं चित्रण, खाली कवितेच्या ओळी. सगळा मिळून सव्वापाच मिनिटांचा झालाय. बघणारे ‘छान’ म्हणतात, पण शेवटपर्यंत कुणी बघत नाही. ओळी आवाजाशी जुळत नाहीत असंही वाटतं, पण नेमकं कुठे चुकतंय ते कळत नाही. काय बदलू?

ताई, व्हिडिओ तीनदा पाहिला. एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून. डोळे मिटून पाहिला तेव्हा सगळ्यात चांगला वाटला. मुलीच्या आवाजात दम आहे, घाई नाही. अडचण तिच्या भोवती जे जमलंय त्याची आहे.

पण आधी एक दुरुस्ती आवाजातलीच, कारण पुढचं सगळं आवाजावर टांगायचं आहे. सहाव्या ओळीत ती ‘कुरणांमधूनी’ म्हणते. कवितेत ‘कुरणांमधुनि’ आहे, दोन्ही ऱ्हस्व. ही नुसती शुद्धलेखनाची बाब नाही, कारण या कवितेची चाल मात्रांवर उभी आहे. प्रत्येक ओळीत सोळा मात्रांनंतर एक थांबा येतो आणि मग अकरा मात्रांचा तुकडा. बोटांवर मोजून बघा: ‘चार घरांचे गाव चिमुकले’ सोळा, ‘पैल टेकडीकडे’ अकरा. ‘हिरव्या कुरणांमधुनि चालली’ सोळा, ‘काळ्या डोहाकडे’ अकरा. ‘मधूनी’ म्हटलं की पहिला तुकडा अठरावर जातो आणि थांबा घसरतो. तेवढी एकच ओळ पुन्हा घ्या, त्याच खोलीत, त्याच फोनवर, तोंडापासून तेवढ्याच अंतरावर. अंतर बदललं तर ओळ चिकटवलेली आहे हे लगेच कळतं. आणि शक्यतो पहाटे घ्या. आता उसाचा हंगाम आहे, ट्रॅक्टरवरचं गाणं तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ठिकाणी ऐकू येतंय.

हा सोळा-अकराचा थांबा नीट लक्षात ठेवा. ओळी दाखवण्याचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

तुमच्या व्हिडिओत कडवं सुरू झालं की दोन्ही ओळी एकदम येतात आणि कडवं संपेपर्यंत राहतात. मुलीला दोन ओळी म्हणायला चौदा-पंधरा सेकंद लागतात. बघणाऱ्याला त्या वाचायला चार सेकंद पुरतात. म्हणजे पाचव्या सेकंदापासून त्याला सगळं माहीत आहे आणि उरलेले दहा सेकंद तो आवाज संपायची वाट बघतोय. बातम्यांच्या किंवा सिनेमाच्या ओळींमध्ये भीती उलटी असते, माणसाचं वाचून होण्याआधी ओळ निघून जाते. कवितेत माणूस आवाजाच्या पुढे पळतो. डोळा पुढे गेला की कान सुटला. ‘शेवटपर्यंत कुणी बघत नाही’ या तक्रारीचं निम्मं कारण मला तरी हेच वाटतं.

म्हणून ओळ दोन तुकड्यांत दाखवायची. ‘ऐल तटावर पैल तटावर’ आधी, आणि आवाज थांब्यावरून पुढे सरकला की त्याच्याखाली ‘हिरवाळी घेऊन’. पहिला तुकडा पुसायचा नाही, दुसरा त्याच्याखाली येऊन बसतो, म्हणजे ओळ संपताना पूर्ण ओळ डोळ्यांसमोर असते. शब्द-शब्द उमटवणारी पद्धतही आहे, फोनवरच्या सगळ्या ॲपमध्ये ती तयार मिळते, पण ती मला गाण्याला बरी वाटते. कवितेत प्रत्येक शब्द टपकायला लागला की डोळ्याला तोच खेळ होतो.

हे करायला कुठल्याही ॲपमध्ये मजकुराचे दोन वेगळे थर घ्या, एक वरच्या तुकड्याचा आणि एक खालच्या. दोघांच्या जागा एकदा ठरवून कायम ठेवा आणि मजकूर डावीकडून सुरू करा, मधोमध नको. एकाच थरात आधी एक ओळ आणि मग दोन ओळी लिहिल्या, तर बऱ्याच ॲपमध्ये मजकूर खालून वर वाढतो. दुसरी ओळ येताच पहिली टुणकन वर उडी मारते. ही उडी लहान असते, पण डोळा दर वेळी तिकडे जातो आणि पहिला तुकडा पुन्हा वाचतो. आवाज बंद करून बघितलं की ही गोष्ट फार ठळक दिसते.

आता तुमच्या ओळी जुळत का नाहीत ते सांगतो. मी आवाजाची लहर उघडून मोजलं. तुमची प्रत्येक ओळ आवाजाच्या सुमारे पाव ते अर्धा सेकंद मागे आहे. पहिलीही, शेवटचीही. हे बहुतेकांच्या हातून होतं, कारण आपण ऐकत ऐकत बटण दाबतो. शब्द कानावर पडतो, मेंदू ‘आता’ म्हणतो, मग बोट हलतं, तोवर पाव सेकंद गेला. उपाय असा, की ऐकून वेळ लावायचीच नाही, लहर बघून लावायची. ॲपमध्ये आवाजाची पट्टी मोठी करा. जिथे सपाट रेघेतून पहिला डोंगर उठतो तिथे शब्द सुरू होतो. मजकूर त्याच्याही दशांश सेकंदभर आधी आणा. एवढा आधी आला तर आवाजाबरोबरच आल्यासारखा वाटतो. अर्धा सेकंद आधी आणलात, तर मात्र मघाचाच पुढे पळण्याचा प्रकार सुरू होतो.

संपण्याची वेळ वेगळ्या हिशेबाने लावायची. आवाज थांबला की मजकूर लगेच पुसू नका, अर्धा-पाऊण सेकंद राहू द्या. आणि पुढची ओळ येण्याआधी पडदा थोडा वेळ रिकामा ठेवा. रिकाम्या पडद्याला लोक उगीच घाबरतात. मुलगी दोन ओळींमध्ये श्वास घेते, तो श्वास डोळ्यालाही घेऊ द्या. याउलट एकाच ओळीच्या दोन तुकड्यांमध्ये पडदा रिकामा झाला, तर ओळ तुटते.

पहिल्या ओळीचा माझा हिशेब देतो. यात प्रास्ताविक छोटं केलंय असं धरलं आहे, त्याकडे नंतर येतो. मुलगी ‘ऐल’ला सुरुवात करते 48.4 व्या सेकंदाला. वरचा तुकडा 48.3 ला येतो. ती ‘हिरवाळी’ उच्चारते 52.0 ला, तर खालचा तुकडा 51.9 ला. आवाज संपतो 54.4 ला, दोन्ही तुकडे एकदम जातात 55.0 ला. मग 55.7 पर्यंत काही नाही, आणि ‘निळासावळा झरा वाहतो’ सुरू. कडवं बदलताना हा रिकामा वेळ आणखी एका सेकंदाने वाढवा.

शेवटच्या ओळीला मात्र हा साचा लावायचा नाही. ‘पाय टाकुनी जळांत बसला’ असं म्हणून मुलगी जवळजवळ सव्वा सेकंद थांबते. तुम्ही तिला सांगून थांबवलंत की ती आपोआप थांबली, कुणास ठाऊक, पण ते अगदी बरोबर आहे. पाण्यात पाय सोडून कोण बसलंय हे त्या सव्वा सेकंदात ऐकणाऱ्याला माहीत नसतं. माणूस असेल असंच वाटतं. आणि तुमच्या पडद्यावर मात्र ‘औदुंबर’ हा शब्द बारा सेकंद आधीपासून लिहिलेला आहे! आठ ओळींत कवीने जे राखून ठेवलं ते अक्षरांनी आधीच सांगून टाकलं. इथे ‘असला औदुंबर’ आवाजाच्या आधी दशांश सेकंदही येऊ देऊ नका. बरोबर शब्दावर, किंवा किंचित मागे. आणि आवाज संपल्यावर तीन सेकंद राहू द्या.

मजकुराबद्दल आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. ओळी तुम्ही इंटरनेटवरून उचलल्यात असं दिसतं, कारण पाचव्या ओळीत ‘तयांतुनि’ऐवजी ‘तयातून’ आलंय आणि मुलगी मात्र बरोबर म्हणते. छापील संग्रह समोर ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. जुन्या छपाईत ‘जळांत’, ‘झांकळुनी’ असे अनुस्वार आहेत. 1962 च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ते ठेवा किंवा काढा, पण सगळीकडे एकच धोरण ठेवा, आणि ठेवलेत तर मुलीला सांगा की ते फक्त लिहायचे आहेत, नाकातून काढायचे नाहीत. दुसरं म्हणजे अक्षराचं वळण. तुमच्या ‘ल’ आणि ‘श’ची वळणं हिंदी आहेत. Tiro Devanagari Marathi हा फुकट मिळणारा फाँट घ्या, त्यात आपली वळणं आहेत आणि कवितेला शोभेल असा ठहराव आहे. फोनवरच्या काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘शेतमळ्यांची’तला ‘ळ्यां’ सुटा पडतो. तसं झालं तर ॲप बदला, शब्द बदलू नका.

आता मागची चित्रं. इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नका.

तुम्ही औदुंबरला जाऊन चित्रण केलंत याचं कारण कळतं. कवितेचं नाव औदुंबर, आपल्या तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबर, दत्ताचं स्थान, शिवाय संक्रांतीला तिथे साहित्य संमेलन भरतं. साहित्याशी त्या गावाचं नातं आहेच. पण ही कविता त्या गावाची नाही. बालकवी खानदेशातले, धरणगावात जन्मलेले, आणि कवितेतला औदुंबर म्हणजे उंबराचं झाड. पहिल्याच दृश्यात देवळाचा घाट, पादुका आणि गर्दी दिसली की बघणारा मनात म्हणतो, अच्छा, दत्ताची कविता आहे. मग ‘चार घरांचे गाव चिमुकले’ ऐकताना तो गोंधळतो, कारण समोर प्रसादाची दुकानं आहेत. सांगलीतल्या माणसाचा हा गैरसमज पुण्या-नागपूरच्या माणसापेक्षा जास्त पक्का होणार, कारण त्याला ते गाव ओळखता येतं.

ड्रोनची अडचण याहून मोठी आहे. कविता कशी चालते बघा. आधी लांबून, दोन काठांमधला झरा. मग पलीकडची टेकडी, गाव, मळे. मग त्या मळ्यांतून एक पांढरी पायवाट. ती आपल्याला खाली-खाली नेते, कुरणांतून डोहापर्यंत. आणि शेवटी पाण्याच्या कडेला, अगदी जवळ. रंगही तसेच सरकतात: निळा, हिरवा, पांढरा आणि मग काळा. कवीने कॅमेरा आधीच फिरवून ठेवलाय, आणि तो माणसाच्या उंचीवरून चालणाऱ्याचा कॅमेरा आहे. ड्रोन वर-वर जातो. ओळी डोहाकडे उतरत असताना तुमचं चित्र आभाळात चढतं, म्हणून आवाज आणि चित्र एकमेकांना ओढत राहतात.

मी असतो तर चारच दृश्यं घेतली असती, कडव्याला एक, सगळी तिकाटण्यावरून, कॅमेरा न हलवता. प्रत्येक शब्दाला चित्र शोधायला जाऊ नका. ‘कुरण’ म्हटलं की कुरण, ‘पायवाट’ म्हटलं की पायवाट, असं लावत गेलात की पहिलीच्या पुस्तकातली चित्रं होतात.

पहिल्या दृश्याला कृष्णा नको, ती झऱ्यासाठी फार रुंद आहे. येरळेच्या पात्रात पाणी थोडं असताना वाळूच्या बेटांमधून बारीक धारा फिरतात, ते या ओळींच्या जास्त जवळ जाईल. एखादा ओढाही चालेल. पावसाळ्यात जाऊ नका, गढूळ पाण्याला ‘निळासावळा’ म्हणता येत नाही. दुसऱ्या कडव्याला उसाचे फड आणि मागे टेकडी. ‘दाट लागली हिरवी गरदी’ या शब्दांना उसासारखं दुसरं काही मिळणार नाही. बालकवींनी ऊस डोळ्यांसमोर ठेवला नसेल, पण तुमच्या बघणाऱ्यांच्या मनात तेच हिरवं आहे. तुरे आले की रंग फिका पडतो, त्याआधी घ्या. तिसऱ्याला पायवाट. आपल्याकडची काळ्या रानातली वाट पांढरी दिसत नाही, ती दिसते उन्हात, धूळ वाळल्यावर, सकाळी नऊ-दहाला सूर्य समोरून तिरका असताना. दृश्यात माणूस नको. वाटेवर कुणी चालताना दिसला की कविता त्याची होते.

चौथं दृश्य अवघड आहे. काठावरच्या झाडांच्या सावलीतलं संथ पाणी शोधा. उंबर ओढ्याकाठी सहज सापडतो, मुळं पाण्यात उतरलेला एखादा गावातल्या गुराख्याला विचारलंत तर दाखवेल. तुमच्या फोनला काळं पाणी आवडत नाही. अंधार दिसला की तो आपोआप उजेड वाढवतो आणि डोह राखाडी होतो. पडद्यावर पाण्याच्या जागी बोट दाबून धरा, उजेड आणि फोकस दोन्ही कुलूप होतात. मग शेजारची सूर्याची खूण खाली ओढा, पाणी खरोखर काळं दिसेपर्यंत. झाड पूर्ण दाखवू नका. खोड पाण्याला भिडतं तेवढीच जागा, किंवा नुसतं प्रतिबिंब. आणि हे दृश्य ‘औदुंबर’ शब्दानंतर आठ-दहा सेकंद तसंच राहू द्या. त्यानंतर शाळेचं नाव, मार्गदर्शक, सहकार्य वगैरे काळ्या पडद्यावर द्या, डोहावर नको.

संथ पाणी घ्या म्हणतो यामागे एक रोखठोक कारणही आहे. चमकणारं, थरथरणारं पाणी आणि वाऱ्यात हलणारी पानं हे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेला सगळ्यात जड जातं, कारण प्रत्येक क्षणी चित्रातला प्रत्येक ठिपका बदलतो. फाइल तुमच्या फोनमध्ये सुंदर दिसते आणि व्हॉट्सॲपवरून गेली की पाण्याचे चौकोनी तुकडे होतात. तुमच्या घाटाच्या दृश्यात नेमकं तेच झालंय. शिवाय चमचमत्या पाण्यावर पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत. चित्रण करतानाच खालचा तिसरा हिस्सा सावलीत आणि रिकामा राहील असं बघा, आणि अक्षरांमागे वरून खाली गडद होत जाणारी एक पातळ छटा द्या. अक्षरांना काळी जाड किनार दिली की लग्नाचा अल्बम दिसतो. (मी विश्रामबागेत अकरा वर्षं लग्नांचीच शूटिंग केली, त्यामुळे हे हक्काने सांगतो.)

दृश्य बदलायची जागा म्हणजे कडव्यांमधला रिकामा वेळ. आधी अक्षरं जातात, मग दृश्य बदलतं, मग नवी अक्षरं येतात. अक्षरं पडद्यावर असताना मागचं दृश्य बदललं, तर डोळ्याला वाटतं मजकूरही बदलला आणि तो तीच ओळ पुन्हा वाचायला लागतो. तुमच्याकडे हे सहा ठिकाणी होतंय.

मागच्या संगीताबद्दल विचारलं नाहीत, पण बासरी काढा. पाण्याचा खरा आवाजही अगदी हळू ठेवा. वाहत्या पाण्याचा आवाज म्हणजे सतत चाललेला ‘स्स’, आणि तो मुलीच्या ‘स’, ‘श’वर येऊन बसतो. ‘असला’मधला ‘स’ ऐकू आलाच पाहिजे.

राहिलं प्रास्ताविक. तुमचं तीन मिनिटं दहा सेकंदांचं आहे आणि त्यात चुकीचं काहीही नाही. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव, 1890 चा जन्म, 1907 चं जळगावचं कविसंमेलन आणि तिथे मिळालेलं ‘बालकवी’ हे नाव, निसर्गकवी म्हणून स्थान, 1918 मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली आलेला मृत्यू, आणि शेवटी आठही ओळींचा अर्थ. परीक्षेला पैकीच्या पैकी. पण अर्थ आधीच ऐकून झाल्यावर कविता कशाला ऐकायची? आणि मृत्यूची गोष्ट सांगून लगेच ‘काळ्या डोहाकडे’ ऐकवलंत, की प्रत्येक जण त्या डोहात रेल्वेचे रूळ बघणार. तो अर्थ काढायचा हक्क ज्याचा त्याचा आहे. आपण तो आधी हातात देऊ नये. ही माहिती व्हिडिओच्या खालच्या वर्णनात लिहा, ज्याला हवी तो वाचेल.

प्रास्ताविकात फक्त एवढं असावं, की जे माहीत नसल्याने ऐकणारा अडखळेल ते दूर व्हावं, आणि कान कुठे लावायचा ते कळावं. या कवितेत अडखळायच्या जागा तीन: ऐल-पैल, औदुंबर म्हणजे उंबर, आणि शेवटचा ‘असला’. ‘असला’ आपण रोज जरा नाक मुरडून वापरतो, ‘असला कसला माणूस’ अशा सुरात. इथे तो ‘अशा रीतीने बसलेला, असा’ या अंगाने येतो. मुलांना तो विचित्र वाटतो, काही जण तिथे हसतात. माझ्या अंदाजाने असं काहीतरी बोलावं:

“ही कविता आठ ओळींची आहे. ऐल म्हणजे आपण उभे आहोत तो काठ, पैल म्हणजे समोरचा. औदुंबर म्हणजे आपलं उंबराचं झाड, गावाचं नाव नव्हे. ऐकताना एका पांढऱ्या पायवाटेवर लक्ष ठेवा. ती मळ्यांतून निघते, कुरणांतून जाते. कुठे पोचते आणि तिथे कोण बसलंय ते बघा. शेवटी ‘असला’ असा एक शब्द येईल. तो कौतुकाने म्हणायचा की उदास होऊन, यावर आमच्या वर्गात दोन तट पडले. बालकवींची कविता, औदुंबर.”

सावकाश बोललात तर चाळीस सेकंद. ‘वर्गात दोन तट पडले’ हे खरं असेल तरच म्हणा. नसेल तर आधी वर्गात तो वाद घडवून आणा, त्याला एक तास पुरेल. प्रास्ताविक कागदावरून वाचू नका, डोळ्यांची हालचाल लगेच कळते. चेहरा दाखवायचाच असेल तर पाण्याजवळ उभ्या राहू नका, वर्गात किंवा ओट्यावर बसून बोला. पाणी आधी दिसलं तर कवितेचं पहिलं दृश्य शिळं होतं. बोलणं संपल्यावर तीन सेकंद शांतता, पडद्यावर फक्त कवितेचं आणि कवीचं नाव, मग झरा.

प्रास्ताविकाच्या ओळी चित्रात लिहू नका, त्या वेगळ्या फाइलमधून यूट्यूबला द्या, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही किंवा आवाज बंद आहे तो त्या चालू करून वाचू शकतो. कवितेच्या ओळी चित्रातच लिहिलेल्या असल्याने त्या या फाइलमध्ये घालायच्या नाहीत, नाहीतर दोन-दोन दिसतील. साध्या नोटपॅडमध्येही लिहिता येते:

```
1
00:00:02,000 --> 00:00:05,200
ही कविता आठ ओळींची आहे.

2
00:00:05,600 --> 00:00:11,000
ऐल म्हणजे आपण उभे आहोत तो काठ,
पैल म्हणजे समोरचा.
```

सेकंदांनंतर टिंब नाही, स्वल्पविराम. आकडे इंग्रजीतलेच. दोन नोंदींमध्ये एक ओळ रिकामी. फाइलच्या नावाशेवटी `.srt` आणि साठवताना एन्कोडिंग `UTF-8`, ते नसेल तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. इथे मात्र कवितेचा नियम लावू नका. गद्य आहे, पूर्ण वाक्य एकदम दाखवा, अर्थ तुटेल तिथे ओळ मोडा.

सगळ्या वेळा लावायच्या त्या आवाजाची शेवटची, कापून झालेली पट्टी तयार झाल्यावरच. मी एकदा एका ज्येष्ठ कवींच्या वाचनाच्या चाळीस ओळी रात्रभर बसून लावल्या आणि सकाळी त्यांनी प्रास्ताविकातलं एक वाक्य कापायला सांगितलं. सगळ्या ओळी सहा सेकंदांनी मागे पडल्या. असं झालं तर पुन्हा एकेक लावू नका. आधी पहिल्या आणि शेवटच्या ओळीचा फरक मोजा. दोन्हीकडे सारखाच असेल तर सगळं एकदम तेवढं सरकवायचं. संगणकावर Subtitle Edit असेल तर `.srt` फाइलसाठी ते एका आकड्यात होतं, फोनवर सगळे थर एकत्र निवडून ओढा. फरक सुरुवातीला थोडा आणि शेवटी जास्त असेल, तर मात्र सरकवून काही होत नाही. कुठेतरी आवाजाचा किंवा चित्राचा वेग बदललाय, आणि तो मूळ जागी दुरुस्त करावा लागतो. तुमच्या व्हिडिओत हा दुसरा प्रकार नाही, फरक सगळीकडे जवळपास सारखा आहे. पण प्रास्ताविक तीन मिनिटांवरून चाळीस सेकंदांवर आणलंत की कवितेच्या सगळ्या वेळा हलणार, म्हणून ते आधी उरका.

झालं की फाइल आधी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा आणि पाठवलेलीच उघडून बघा, मूळ नव्हे. तुमच्या शिक्षक-खोलीतला सगळ्यात जुना, लहान पडद्याचा फोन मागून घ्या आणि व्हरांड्यात उजेडात धरा. ‘झांकळुनी’ त्यावर वाचता आलं, तर अक्षरांचा आकार बरोबर आहे.